दहा हजारांत साठ: क्षयरोगाच्या चाळणीत कटऑफ कुठे लावायचा?

विदर्भातल्या एका आदिवासी तालुक्यात आम्ही अकरा आठवडे क्षयरोगाची तपासणी मोहीम चालवली, तिची ही हकीकत. विदा-विश्लेषक म्हणून मी त्या चमूत होते. ओळख पटू नये म्हणून तालुक्याचं नाव गाळलं आहे आणि आकडे थोडे गोल केले आहेत.

## पार्श्वभूमी

मोहिमेची कल्पना साधी होती. हातात धरता येईल एवढं एक्स-रे यंत्र गाडीतून पाड्यापाड्यावर न्यायचं आणि पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांच्या छातीचा फोटो घ्यायचा. संगणकावरचं मॉडेल मिनिटभरात त्या फोटोला ० ते १ मधला गुण देतं. गुण ठरावीक कटऑफच्या वर गेला की ती व्यक्ती 'संशयित'. संशयिताची थुंकी घेऊन तालुक्याच्या प्रयोगशाळेत ट्रूनॅट या क्षयजंतू शोधणाऱ्या यंत्रावर तपासायची. खरं निदान तिथे होतं. मॉडेल फक्त चाळणी लावतं.

लक्षणं विचारून चाळणी का लावली नाही, असं कोणी विचारेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत जे रुग्ण सापडले, त्यांतले ४२.६ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले होते. फक्त खोकला विचारला असता तर ते हाती लागलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. तेव्हा साधन योग्य होतं. प्रश्न राहिला कटऑफचा.

## अडचण कुठे होती

मॉडेल पुरवणाऱ्यांनी ०.५० हा कटऑफ सुचवला होता. त्यामागे एका रुग्णालयातल्या १००० फोटोंची चाचणी होती. त्यांतले २०० क्षयरुग्णांचे होते. ०.५० वर मॉडेलने त्यातले १५० ओळखले आणि उरलेल्या ८०० निरोगींपैकी २४ जणांवर चुकून बोट ठेवलं. म्हणजे रिकॉल, खऱ्या रुग्णांतले किती सापडले ते, ७५ टक्के. आणि प्रिसिजन, ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांतले किती खरे रुग्ण ते, १७४ पैकी १५० म्हणून ८६ टक्के. या दोन्हींचा मेळ घालणारा एफ-वन गुणांकही इथेच सर्वांत चांगला येत होता.

पण रुग्णालयात दर पाच फोटोंमागे एक रुग्ण होता. पाड्यावर तसं नसतं. आधीच्या नोंदी पाहून आमचा अंदाज होता की दहा हजार माणसांत साठेक रुग्ण असतील. आता तेच मॉडेल, तोच कटऑफ घेऊन गणित करा. साठपैकी ७५ टक्के म्हणजे ४५ रुग्ण सापडतील. ९,९४० निरोगी माणसांतल्या ३ टक्क्यांवर चुकून बोट ठेवलं जाईल, म्हणजे २९८ जणांवर. प्रिसिजन ८६ वरून थेट १३ टक्क्यांवर येतं. मॉडेलमध्ये तसूभरही बदल झालेला नाही. बदललं ते रुग्ण आणि निरोगी यांचं प्रमाण. रिकॉल फक्त रुग्णांकडे पाहतो, म्हणून तो तसाच राहतो. प्रिसिजनच्या छेदात निरोगी माणसांमधून आलेली चूक येऊन बसते, आणि निरोगींचा ढीग मोठा झाला की तीन टक्क्यांची चूकही खऱ्या रुग्णांना झाकून टाकते.

एकूण अचूकता हा आकडा तर इथे बघायचाच नाही. 'कोणालाच क्षयरोग नाही' असं दहा हजार वेळा म्हणणारं मॉडेल ९९.४ टक्के अचूक ठरतं आणि एकही रुग्ण शोधत नाही.

## समोर असलेले पर्याय

पुरवठादारांकडून मी वेगवेगळ्या कटऑफचे आकडे मागवले आणि आमच्या दहा हजारांना लावून पाहिले.

| कटऑफ | संशयित | सापडणारे रुग्ण | सुटणारे रुग्ण | प्रिसिजन | रिकॉल |
|---|---|---|---|---|---|
| ०.५० | ३४३ | ४५ | १५ | १३% | ७५% |
| ०.३० | १,२४७ | ५४ | ६ | ४% | ९०% |
| ०.१५ | २,८४० | ५७ | ३ | २% | ९५% |

बैठकीत हा तक्ता ठेवला तेव्हा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांचं पहिलं मत ०.१५ कडे झुकलं. "मॅडम, एक रुग्ण सुटला तर तो घरात आणि गावात रोग पसरवतो. थुंकी तपासली आणि काही निघालं नाही, तर कोणाचं काय बिघडलं?" त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. खोटा संशय महाग की स्वस्त, हे त्या संशयानंतर काय होतं यावर ठरतं. एक्स-रेच्या गुणावरून लगेच सहा महिन्यांची औषधं सुरू करायची असती, तर ४ टक्के प्रिसिजन घेऊन पुढे जाणं अक्षम्य ठरलं असतं. इथे संशयानंतर थुंकीची तपासणी होती. म्हणून पारडं रिकॉलकडे झुकवणं योग्य होतं.

किती झुकवायचं, ते मात्र सरासरी प्रिसिजन सांगत नाही. ४ टक्के आणि २ टक्के हे आकडे शेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो. त्यापेक्षा प्रत्येक पायरी उतरताना काय मिळतं ते पाहावं. ०.५० वरून ०.३० वर आलो तर ९०४ तपासण्या वाढतात आणि ९ रुग्ण जास्त सापडतात, म्हणजे एका रुग्णामागे सुमारे १०० तपासण्या. ०.३० वरून ०.१५ वर आलो तर १,५९३ तपासण्या वाढतात आणि रुग्ण सापडतात फक्त ३. एका रुग्णामागे ५३१. पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांत पाचपटीहून जास्त फरक आहे, आणि तक्त्यातल्या प्रिसिजनच्या रकान्यात तो दिसतच नाही.

प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांनी मग त्यांचा आकडा सांगितला. रोजचं काम सांभाळून मोहिमेसाठी दिवसाला २० नमुने. अकरा आठवड्यांचे ६६ दिवस धरले तर १,३२०. ०.१५ वर २,८४० संशयित येणार, म्हणजे दुपटीहून जास्त. ०.३० वर १,२४७, जेमतेम मावतील.

निर्णय ०.३० चा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये क्षयरोगाच्या चाळणी-चाचणीकडून किमान ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ७० टक्के स्पेसिफिसिटी अपेक्षित धरली होती. वैद्यकात सेन्सिटिव्हिटी म्हणतात तोच आपला रिकॉल; स्पेसिफिसिटी म्हणजे निरोगींतल्या किती टक्क्यांना चाचणी बरोबर सोडून देते ते. ०.३० त्यात बसत होता. आम्हाला वाटलं, काम झालं.

## पहिले तीन आठवडे

तीन आठवड्यांत २,५०० जणांचे एक्स-रे झाले. तक्त्यानुसार ३१२ च्या आसपास संशयित यायला हवे होते. आले ४१०. त्यांतल्या २९५ जणांचीच थुंकी प्रयोगशाळेत पोचली. ९ रुग्ण सापडले. निकाल हाती यायला सरासरी सहा दिवस लागत होते.

मी आधी ४१० या आकड्याच्या मागे लागले, कारण तो माझ्या प्रांतातला होता. त्यातले १०४ संशयित दोन दगडखाणींच्या वस्त्यांमधले होते, तेही केवळ २३० माणसांतून. खाणीतली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि एक्स-रेवर त्याचे डाग मॉडेलला क्षयरोगासारखे दिसतात. बाकीच्या गावांतही पूर्वी क्षयरोग होऊन बरे झालेले म्हातारे होते. त्यांच्या फुप्फुसावरचे जुने व्रण मॉडेल नव्याने पकडत होतं.

खाणीच्या वस्तीसाठी कटऑफ वर न्यावा, अशी सूचना लगेच आली. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. मग आकडे वेगळे काढले. खाणवस्त्यांतल्या ७४ नमुन्यांत ३ रुग्ण निघाले होते, बाकी गावांतल्या २२१ नमुन्यांत ६. म्हणजे खोटे संशयित जास्त असूनही तिथलं प्रिसिजन कमी नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं. आकडे इतके लहान आहेत की त्यावरून 'जास्त' असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण कारण वैद्यकाला माहीत आहे: सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका मुळातच मोठा असतो. तिथे कटऑफ चढवणं म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त धोका आहे, त्यांच्यातलेच रुग्ण सोडणं झालं असतं. कटऑफ हलवला नाही. या मोहिमेतला हा निर्णय मला आजही सर्वांत बरोबर वाटतो.

खरं भगदाड दुसरीकडे होतं. ४१० पैकी ११५ जणांची तपासणी झालीच नव्हती. आशाताई त्यांना डबी देऊन "उद्या सकाळची थुंकी आणून द्या" असं सांगत होत्या. सकाळचा बेडका चांगला असतो, हे खरंच आहे. पण सकाळी माणूस मजुरीला निघून जातो. एका पाड्यावर मी आशाताईंसोबत पुन्हा गेले, तेव्हा एक काका म्हणाले, "ताई, मागल्या खेपेला शेजाऱ्याला पण असंच सांगितलं होतं. काहीच नाही निघालं त्याला. अन् गावभर बोभाटा झाला तो वेगळा." शंभरातल्या शहाण्णव संशयितांना काहीच निघणार नाही, हे तक्त्यात आम्ही स्वतःच लिहिलं होतं. गावाने तेच अनुभवलं आणि पुढच्या माणसाने डबी परत केली नाही. कमी प्रिसिजनची किंमत फक्त प्रयोगशाळा मोजते असं आम्ही धरून चाललो होतो. ती गावातल्या विश्वासातूनही वसूल होत होती.

हे गणितात मांडलं तेव्हा बैठकीत शांतता पसरली. मॉडेलचा रिकॉल ९० टक्के. संशयितांपैकी तपासणी झाली ७२ टक्क्यांची. ९० चे ७२ टक्के म्हणजे ६५. थुंकी न देणाऱ्यांत रुग्णांचं प्रमाण तेवढंच धरलं, तर अख्ख्या साखळीचा रिकॉल ६५ टक्के भरत होता. ०.५० वर राहून थोड्याच संशयितांची, पण प्रत्येकाची तपासणी केली असती, तर तो ७५ झाला असता. मॉडेलच्या रिकॉलसाठी आम्ही जी पायरी खाली उतरलो होतो, तिचा सगळा लाभ गाडी आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये सांडत होता.

## काय बदललं

मग पुन्हा ०.५० वर जायचं का? हा पर्याय गांभीर्याने चर्चेत होता. पण गळतीचं कारण कटऑफ हे एकच नव्हतं, डबी घरी पाठवण्याची पद्धतही होती. म्हणून ०.३० कायम ठेवून तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट, गुण मिनिटभरात कळतोच, तर माणूस गाडीपासून हलण्याआधीच थुंकी घ्यायची. मोकळ्या हवेत, जरा आडोशाला, खोल श्वास घेऊन खोकायला शिकवून. सकाळच्या नमुन्याइतकी ती चांगली नसते आणि काहींना बेडका पडतच नाही. तरी न आलेल्या चांगल्या नमुन्यापेक्षा हाती आलेला बरा नमुना उपयोगाचा.

दुसरी, प्रयोगशाळेतली रांग आलेल्या क्रमाने न लावता गुणानुसार लावली. ०.५० च्या वरचे नमुने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, ०.३० ते ०.५० मधले आठवड्याच्या आत. ०.५० च्या वरच्या ज्यांना थुंकी पडली नाही, त्यांच्या घरी पर्यवेक्षक जाऊन पाठपुरावा करणार. म्हणजे कटऑफ एक राहिला, पण त्याच्या वर दोन पट्टे झाले आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी तातडी मिळाली.

तिसरी, ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, त्यांची थुंकी गुण कितीही कमी असला तरी घ्यायची. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. मॉडेल आहे म्हणून खोकल्याचा प्रश्न विचारणं मागे पडलं, ही चूक आमची.

एक बारीक निर्णय निदानाच्या टोकालाही घ्यावा लागला. ट्रूनॅट जिवाणूचा डीएनए शोधतं आणि मेलेल्या जिवाणूचाही डीएनए असतो. पूर्वी उपचार झालेल्या माणसात त्यामुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. शंभरातले चारच खरे रुग्ण असलेल्या गटात निश्चितीच्या चाचणीची एक टक्का चूकही जाणवते. अशा माणसांसाठी डॉक्टरांनी तपासून आणि कल्चरला, म्हणजे जिवंत जिवाणू वाढतात का ते पाहायला, नमुना पाठवूनच उपचाराचं ठरवायचं, असा नियम केला.

## निष्पत्ती

उरलेल्या आठ आठवड्यांत ७,५०० जणांचे एक्स-रे झाले. संशयित आले ८७०, आणि ८०० जणांची तपासणी झाली. ७२ टक्क्यांवरून ९२ टक्के. त्यात ३१ रुग्ण सापडले: ०.५० च्या वरच्या २३५ नमुन्यांत २५, आणि ०.३० ते ०.५० मधल्या ५६५ नमुन्यांत ६. खालच्या पट्ट्यात एका रुग्णामागे ९४ तपासण्या पडल्या. कागदावर आम्ही १०० धरल्या होत्या. हा अंदाज खरा ठरल्यामुळेच तो पट्टा ठेवायचा की नाही, हा वाद तिथे थांबला.

खोकल्याच्या नियमामुळे ९० नमुने वाढले आणि त्यात २ रुग्ण निघाले. दोघांचेही एक्स-रे गुण ०.३० च्या खाली होते. पहिल्या तीन आठवड्यांत निसटलेल्या ११५ पैकी ६५ जणांना पुन्हा शोधलं. त्यात ३ रुग्ण होते. उरलेले ५० हाती लागले नाहीत, बरेच जण कामासाठी बाहेरगावी गेले होते. या तिघांकडे नीट बघा: कटऑफ ०.१५ वर नेऊन १,५९३ तपासण्या वाढवल्या असत्या तर जेवढे रुग्ण जास्त मिळायचे होते, तेवढेच आम्ही केवळ निसटलेली माणसं परत शोधून मिळवले, ६५ तपासण्यांत.

एकूण ४५ रुग्ण. अंदाज साठचा होता. मग पंधरा सुटले का? की मुळात साठ नव्हतेच?

हा प्रश्न आम्हाला सोडवता आला नाही, आणि तो का सुटला नाही ते तपशिलात सांगायला हवं. कटऑफच्या वरच्यांचीच थुंकी तपासली, तर प्रिसिजन रोज मोजता येतं, पण रिकॉल मोजता येत नाही. सुटलेले रुग्ण खालच्या ढिगात असतात आणि त्या ढिगाला कोणी हात लावत नाही. म्हणून मोहिमेच्या शेवटी ०.३० च्या खालच्या ८,७२० जणांमधून यादृच्छिकपणे २०० निवडले आणि त्यांची थुंकी तपासली. एकही रुग्ण निघाला नाही. चमूला आनंद झाला. मला तो आनंद मोडावा लागला. 'न' नमुन्यांत शून्य सापडले, तर खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने जास्तीत जास्त ३ भागिले 'न' एवढं असू शकतं. ३ भागिले २०० म्हणजे दीड टक्का. ८,७२० चा दीड टक्का म्हणजे १३०. दोनशेंत शून्य निघाले, तरी त्या ढिगात १३० पर्यंत रुग्ण असू शकतात, एवढंच त्या तपासणीने सिद्ध केलं. 'मॉडेलचा रिकॉल ९० टक्के आहे' हे वाक्य आमच्या अहवालात आम्ही लिहिलं नाही. ते रुग्णालयातल्या २०० फोटोंवरचं वाक्य होतं.

## पुन्हा करायचं झालं तर

त्या २०० तपासण्या मी अशा खर्च करणार नाही. खालच्या ढिगातही सगळे सारखे नसतात. ०.१५ ते ०.३० या पट्ट्यात रुग्ण असण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त, त्यातही मधुमेही, पूर्वी उपचार झालेले आणि रुग्णाच्या घरातले. आधी त्यांच्यातून नमुने घ्यायचे आणि प्रत्येक गटातून किती टक्के घेतले याची नोंद ठेवायची, म्हणजे नंतर वजन देऊन संपूर्ण ढिगाचा अंदाज काढता येतो.

तरीही तिथे रुग्ण विरळच असणार. म्हणून नमुने एकत्र करून तपासण्याची पद्धत वापरायला हवी होती: चार जणांची थुंकी मिसळून एकच चाचणी करायची आणि ती पॉझिटिव्ह आली तरच चौघांची वेगवेगळी. १,५९३ जणांचा तो अख्खा पट्टा चारशेच्या आसपास चाचण्यांत तपासून झाला असता. मिसळल्याने थुंकी पातळ होते आणि जिवाणू फार थोडे असलेला नमुना निसटू शकतो, पण जिथे एरवी काहीच तपासणार नव्हतो तिथे हा तोटा परवडणारा आहे. ०.३० च्या वरच्या नमुन्यांना मात्र मी ही पद्धत लावणार नाही.

कटऑफ ठरवण्याच्या बैठकीला आशाताई नव्हत्या. तंत्रज्ञ होते, म्हणून दिवसाला २० हा आकडा आम्हाला आधी कळला. शंभरातले किती जण दुसऱ्या दिवशी डबी परत आणून देतील, हा आकडा आशाताईंना माहीत होता आणि तो तक्त्यात एक रकाना म्हणून यायला हवा होता. पुढच्या तालुक्यासाठी तक्ता केला आहे, त्यात तो रकाना आहे. पहिल्या आठवड्यात दोन पाड्यांवर गळती मोजायची, तो आकडा रकान्यात भरायचा आणि त्यानंतरच कटऑफ कायम करायचा, असं ठरलं आहे.